बकरीचा अर्थ शोधू नका, ती कधीपासून सुरू झाली ते शोधा

प्रश्न: माझा मुलगा सातवीत आहे. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप माझ्याच नंबरवर आहे आणि संध्याकाळी तो वर्गातल्या तीन मुलांबरोबर फोनवर बीजीएमआय हा गोळीबाराचा खेळ खेळतो. गेले काही आठवडे त्याने ग्रुपवर काहीही लिहिलं की खाली 🐐 येते. मी शोधलं, तर बकरी म्हणजे 'सगळ्यात भारी' असं कळलं. तो म्हणतो, "मस्करी आहे गं." पण हल्ली तो ग्रुपवर लिहीतच नाही. मी उगाच काळजी करतेय का? शाळेत जाऊ, की फोनच बंद करू?

उत्तर:

काळजी उगाच नाही. फोन बंद करू नका. शाळेत जावं लागेल असं दिसतंय, पण आजच्या आज नको. आधी दोन-तीन संध्याकाळी घरी थोडं काम करा, म्हणजे शाळेत गेल्यावर तुमचं म्हणणं कुणी हसण्यावारी नेणार नाही. मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते आणि इमोजीच्या तक्रारी बहुतेक वेळा इथेच फसतात. पालक तावातावाने जातात, समोरची मुलं निरागस चेहऱ्याने "बकरी म्हणजे बेस्ट ना, मॅडम" म्हणतात आणि विषय संपतो.

तुम्हाला सापडलेला अर्थ खोटा नाही. 'Greatest of All Time' ची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून GOAT, म्हणजे बकरी, असा तो झाला आहे आणि मोठ्या खेळाडूंच्या फोटोखाली जगभर त्याच अर्थाने बकरी टाकतात. पण तुमच्या मुलाच्या मित्रांचं घरचं बोलणं मराठी आहे आणि मराठीत कुणाचा 'बकरा' करतात हे सातवीतल्या पोराला सांगावं लागत नाही. खेळातल्या चौघांच्या स्क्वाडमध्ये, म्हणजे संघात, ही गोष्ट अगदी शब्दशः घडते. शत्रू कुठल्या घरात लपलाय ते कळत नसेल, तर कच्च्या खेळाडूला उघड्यावर पळवायचं. त्याच्यावर गोळ्या सुटल्या की जागा कळते, मग बाकीचे तिघे हल्ला करतात. डावपेच म्हणून हे चालतं, सगळे आळीपाळीने जात असतील तर मजाही येते. रोज एकाच पोराला पाठवलं की त्याचं ते नाव पडतं, आणि खेळातलं नाव दुसऱ्या दिवशी वर्गात येतं. तुमच्याकडे असंच झालंय असं मी इथून सांगू शकत नाही. ते कसं तपासायचं, एवढं सांगते.

आधी एक नाद सोडा. 'पालकांनो सावधान, इमोजींचे गुप्त अर्थ' अशा याद्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत असतात, त्या वाचून काही हाती लागत नाही. त्यातली काही चिन्हं खरोखर सगळीकडे एकाच अर्थाने चालतात. 💀 म्हणजे 'हसून मेलो', त्यात धमकी नसते. 🧢 म्हणजे 'थापा मारतोय'. 🤖 म्हणजे खेळ न येणारा, कारण या खेळांत कंपनीच सोडत असलेले यांत्रिक खेळाडू सहज मरतात. पण छळायला वापरलेलं चिन्ह सहसा यादीत नसतं, ते त्या वर्गात तयार झालेलं असतं. चष्मेवाल्याला 🔋, कारण आपल्याकडे 'डबल बॅटरी' हे चिडवणं फार जुनं. सावळ्या मुलीला 🌚. जाड मुलाला 🥔. आणि वडील साफसफाईचं काम करतात त्या मुलाला 🧹. हे शेवटचं दिसलं तर थट्टा समजून सोडू नका, त्यात जात असते आणि मुलांना ते नीट कळत असतं.

मुलं शब्द सोडून चिन्हांकडे का वळतात? तुमच्याच घरात पाहा ना. वर्गाचा ग्रुप तुमच्या नंबरवर आहे, म्हणजे आई वाचते हे सगळ्या वर्गाला माहीत आहे. बाई ग्रुपवर आहेत. खेळांतल्या चॅटमध्ये शिव्या गाळणारी चाळणी असते, ती शब्द पकडते. बकरी किंवा बटाटा पकडत नाही. म्हणून ज्या गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही तीच वापरायची. 'मी कुठे काय बोललो?' ही पळवाट आधीच तयार ठेवलेली असते.

म्हणूनच चिन्हाच्या अर्थावर वाद घालायचा नाही. बाकीच्यांना कसं वागवलं जातं आणि याला कसं, ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं. एक प्रकरण सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सहावीतली मुलगी, सई म्हणू. तिच्या मेसेजखाली 🥥 यायचा. आईला वाटलं, मैत्रिणींचं काहीतरी असेल. सई काही सांगत नव्हती, फक्त गृहपाठ विचारायला ग्रुपवर लिहायचं सोडून ती आईला दुसऱ्या पालकांना फोन करायला लावायची. मी आईला म्हटलं, मागच्या दोन आठवड्यांचा ग्रुप वर सरकवत जाऊ आणि सईच्या प्रत्येक मेसेजनंतर काय झालं ते वहीत लिहू. एका संध्याकाळचं पान असं होतं. बाईंनी गणिताचा गृहपाठ टाकला. सईने विचारलं, "पान नंबर?" चौघींनी 🥥 दिला, उत्तर कुणीच दिलं नाही. दहा-बारा मिनिटांनी दुसऱ्या मुलीने हाच प्रश्न, याच शब्दांत विचारला. मिनिटाभरात दोघींनी पान नंबर सांगितला, पैकी एक सईला नारळ देणारी होती. त्यानंतर सईने "थँक्स" लिहिलं, त्यालाही नारळ.

यात नारळाचा अर्थ कळायची गरजच पडली नाही. तोच प्रश्न, तोच ग्रुप, तीच वेळ. एकीला उत्तर आणि एकीला नारळ. पुढची पानं उलटल्यावर आणखी दोन गोष्टी दिसल्या. नारळ देणाऱ्या चौघी बहुतेक वेळा त्याच होत्या आणि त्यांच्यातलीही एक नेहमी पहिली असायची, बाकीच्या मागून यायच्या. आणि सई सोडून वर्गात कुणालाच नारळ मिळत नव्हता. थट्टा असती तर ती फिरली असती. आज हिला, उद्या तिला. एकाच मुलावर चिकटलेलं चिन्ह, ठरावीक हात, उत्तर न देणं आणि त्या मुलाचं हळूहळू गप्प होत जाणं, या चार गोष्टी एकत्र दिसल्या की मी त्याला मस्करी म्हणत नाही. अर्थ नंतर कळला. सईची आजी रोज तेल लावून घट्ट वेणी घालून द्यायची.

तुमच्याकडे हीच वही करा. मुलाचे शेवटचे पंधरा-वीस मेसेज काढा आणि प्रत्येकापुढे कोणी 🐐 दिली, सर्वांत आधी कोणी दिली, कुणी सरळ उत्तर दिलं का, ते लिहा. मग बकरी दुसऱ्या कुणाला मिळते का ते बघा. मिळत असेल, आणि तुमचा मुलगाही ती इतरांना देत असेल, तर तुमचा जीव थोडा खाली पडायला हरकत नाही. ज्या दिवशी पहिली बकरी दिसते ती तारीख लाल पेनाने लिहून ठेवा. ती पुढे फार उपयोगी पडते.

हे करताना व्हॉट्सॲपची एक खोड लक्षात ठेवा. मेसेज सर्वांसाठी पुसला तर 'मेसेज पुसला' अशी ओळ मागे उरते. मेसेजखालची प्रतिक्रिया मात्र देणाऱ्याने काढून घेतली की काहीच उरत नाही. संध्याकाळी सहा बकऱ्या आणि सकाळी शून्य, असं होऊ शकतं. एखाद्या मुलाला कुणकुण लागली की सगळे आपापल्या बकऱ्या काढून घेतात. चॅट एक्सपोर्ट करून फाइल ठेवली तर त्यात मेसेज येतात, प्रतिक्रिया येत नाहीत. बरेच पालक निर्धास्तपणे ती फाइल छापून शाळेत आणतात आणि कागदावर फक्त मुलाचं "पान नंबर?" दिसतं. म्हणून स्क्रीनशॉटच हवा, तोही दोन प्रकारचा. एक मेसेजचा, ज्यात वर ग्रुपचं नाव आणि तारीख दिसते. दुसरा, मेसेजखालच्या चिन्हावर बोट ठेवल्यावर नावांची यादी उघडते तिचा. यादीत प्रतिक्रिया किती वाजता दिली ते दिसत नाही, म्हणून स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा. तसंच मेसेज पाठवल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, तेव्हा काही टोचणारं दिसलं तर 'नंतर बघू' म्हणू नका.

आता स्टिकरबद्दल. इमोजीपेक्षा आपल्या शाळांमध्ये याचा त्रास मला जास्त दिसतो. सहलीच्या फोटोतून एखाद्याचा जांभई देतानाचा किंवा रडका चेहरा कापायचा आणि त्याचा स्टिकर करायचा. आता त्याला वेगळं ॲपही लागत नाही, व्हॉट्सॲपमध्येच होतो. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर तर सर्व्हर, म्हणजे तिथला ग्रुप, चालवणारा मुलगा कुठलंही चित्र अपलोड करून आपलं स्वतःचं इमोजी बनवू शकतो, म्हणजे वर्गमित्राचा चेहराच चिन्ह होतो. सईच्या बाबतीत नारळानंतर तेच झालं, तिच्या वेणीचा मागून काढलेला फोटो. तुमच्या मुलाचा असा स्टिकर फिरतोय का, हे त्याला सरळ विचारा. तुम्हाला तो दिसणार नाही, कारण तो तुमच्या नंबरवरच्या ग्रुपमध्ये येणारच नाही.

तो दुसऱ्या ग्रुपमध्ये असतो. वर्गाच्या जवळजवळ प्रत्येक अधिकृत ग्रुपच्या मागे मुलांचा स्वतःचा एक ग्रुप असतो, बाई आणि आयांशिवाय. त्यात वाईट काही नाही, या वयात तो हवाच. पण चिन्हाला अर्थ तिथे मिळतो. तिथे कुणीतरी लिहितं, 'आज बकऱ्याने परत मरवलं', सगळे हसतात, आणि मग मोठ्यांच्या ग्रुपवर नुसती 🐐 टाकली तरी पुरते. तुम्हाला दिसतंय ते त्या हसण्याचं टोक आहे. म्हणून एक प्रश्न महत्त्वाचा: त्या दुसऱ्या ग्रुपमध्ये तुमचा मुलगा आहे का? असेल, तर त्याच्यासमोर चाललंय. नसेल, तर त्याला वगळून चाललंय, आणि माझ्या अनुभवात मुलांना हे दुसरं जास्त लागतं.

खेळाचं वेगळं पाहावं लागतं, कारण तिथलं बोलणं माइकवर होतं आणि नंतर हाती लागत नाही. एखाद्या संध्याकाळी त्याच्याशेजारी बसा, कानातल्या वायरीतला आवाज नाही ऐकला तरी चालेल, नुसता पडदा बघा. बीजीएमआयमध्ये गोळी लागून खेळाडू गुडघ्यावर येतो, त्याला 'नॉक' म्हणतात. साथीदाराने जवळ येऊन ठराविक सेकंद थांबून त्याला उठवायचं असतं. तुमचा मुलगा नॉक झाल्यावर कोण येतं? कुणी येतच नाही, का? किंवा साथीदार येतो आणि उठवायचं सोडून त्याच्यासमोर नाचाचा इमोट करतो, तो मरेपर्यंत? एका शब्दाशिवाय अपमान करायची ही पद्धत आहे. बघणाऱ्याला कार्टून नाचतंय असं वाटतं. एकदा झालं तर चेष्टा. दर मॅचला एकाच्याच बाबतीत होत असेल, तर ग्रुपवरची बकरी कुठून आली ते कळलं. खेळातली टोपणनावंही वाचा. स्क्वाडमधल्या कुणी आपल्या नावात त्याच्या नावाची मोडतोड करून घातली असेल तर ती त्याला दर मॅचला वाचावी लागते.

मुलाने परवानगी दिली तर फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवून दोन मॅच खेळू द्या. खेळाच्या आत तक्रार करायची सोय आहे, पण ती फसवून खेळणाऱ्यांसाठी आणि उघड शिवीगाळीसाठी चालते. 'मला उठवत नाहीत' याची दखल कुठलीही कंपनी घेणार नाही. त्यावरचा उपाय साधा आहे, स्क्वाड बदलायचं. चुलतभाऊ, सोसायटीतला कुणी, क्लासमधला मित्र. अठरा वर्षांखालच्या मुलांना बीजीएमआयमध्ये दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, तेवढ्या वेळात खेळायला दोन बरे साथीदार मिळाले तरी भागतं. (मर्यादा चुकवायला मुलं वडिलांच्या नावाने खातं काढतात. तेही एकदा बघून घ्या.)

मुलाशी बोलताना "बकरी म्हणजे काय?" असं विचारू नका. त्याचं उत्तर तुम्हाला मिळालंय, 'मस्करी'. अर्थ सांगायचा म्हणजे त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं की मला सगळे बकरा समजतात. ते कुणीच म्हणणार नाही, बाराव्या वर्षी तर नाहीच. इतिहास विचारा. "ही बकरी सुरू कधी झाली रे? आधी कोणी टाकली?" यात त्याच्याबद्दल काही कबूल करायचं नसतं, फक्त घडलेलं सांगायचं असतं, आणि मुलं ते सांगतात. समोरासमोर बसवून नको. गाडीवर मागे बसलेला असताना, किंवा भाजी निवडताना. बोलायला लागला की मध्ये "मग तू काय केलंस?" असं विचारू नका. त्याने बहुधा 😂 टाकलेला असतो. पडतं घेणारी मुलं तेच करतात. शाळेत नंतर "तोही हसत होता" असं सांगितलं जातं ते यामुळे, तेव्हा हे तुम्हाला आधीच माहीत असू दे.

आणि एक त्याला आधीच सांगून टाका: "तू सांगितलंस म्हणून तुझा फोन जाणार नाही." हे वाक्य ऐकेपर्यंत बरीच मुलं अर्धंच सांगतात.

आता शाळा. तुमच्या लाल पेनाच्या तारखेला काय झालं होतं ते आठवा. सहल, सहामाहीचे निकाल, क्रिकेटची मॅच, बाकं बदलणं, काहीतरी सापडतं. सईच्या वर्गात ती तारीख स्नेहसंमेलनाच्या तालमीची निघाली आणि वर्गशिक्षिकेला लगेच आठवलं की नाचात पुढच्या रांगेवरून भांडण झालं होतं. तारीख दिली की शिक्षकांच्या डोक्यात वर्ग उभा राहतो, नुसती चिन्हं दाखवली तर राहत नाही.

आधी वर्गशिक्षकांना वेळ मागून भेटा, गेटवर गाठू नका. वहीतलं एक पान आणि चार-पाच स्क्रीनशॉट पुरेत. बोलताना असं काहीसं म्हणा: "बकरीचा अर्थ काय यावर मला काही म्हणायचं नाही. या तारखेपासून माझ्या मुलाच्या अमुक इतक्या मेसेजवर याच ठरावीक मुलांनी हे टाकलंय, दुसऱ्या कुणाच्याही नाही, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नांना उत्तर मिळत नाही. या तारखेपासून तो ग्रुपवर लिहीत नाही." यावर "बकरी म्हणजे बेस्ट" हे उत्तर लागूच पडत नाही. सईच्या वेळी एका मुलीच्या वडिलांनी खरोखर "नारळ तर शुभ असतो" असं म्हटलं होतं. बाईंनी शांतपणे विचारलं, "मग तुमच्या मुलीला एकदाही कसा नाही मिळाला?"

शाळेकडून काय मागायचं तेही ठरवून जा. त्या मुलांना आणि तुमच्या मुलाला एका खोलीत उभं करून 'सॉरी म्हणा, हात मिळवा' हे नको म्हणून आधीच सांगा. त्या खोलीतही तो एकटा आणि ते सगळे असतात, आणि बाहेर पडल्यावर त्याला चुगलखोर हे आणखी एक नाव मिळतं. मुलांना एकेकटं बोलवायला सांगा. मागून बकरी टाकणारे एकेकटे असले की पटकन मागे हटतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना भीती असते की आपण टाकली नाही तर उद्या आपल्यावर येईल. पहिली टाकणाऱ्याशी मात्र जास्त वेळ बोलावं लागतं, आणि तिथे पालकांना बोलावणं योग्य. वर्गशिक्षकांनी सगळ्या वर्गासमोर इमोजीवर भाषण देऊ नये, तुमच्या मुलाचं नाव न घेताही नाही; कुणामुळे झालं ते वर्गाला माहीत असतं. त्यानंतर तीन आठवडे वही चालू ठेवा. चिन्ह बदलून तोच प्रकार येतो का बघा, बकरी जाऊन 🌿 येते. चारा.

वर्गशिक्षकांनी झटकलं तर मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. राज्य शासनाच्या 2022 च्या निर्णयानुसार शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी, ती फक्त मुलींसाठी नाही. सीबीएसई शाळा असेल तर दादागिरी रोखण्यासाठी समिती नेमण्याची मंडळाची सूचना 2015 पासून आहे. अर्जात समितीचं नाव घातलं की कागद हलतो.

पोलिसांपर्यंत जायचं का, हेही पालक विचारतात. बकरीसाठी नाही. त्रासदायक ऑनलाइन संदेशांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात जे 66अ कलम होतं ते सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केलं, आणि आरोपी अल्पवयीन असला की प्रकरण बाल न्याय मंडळाच्या वाटेने जातं. सातवीच्या बकरीला ती वाट फार लांबची आहे. पण काही गोष्टी दिसल्या तर शाळेत थांबत बसू नका. मुलाच्या नावापुढे ⚰️ किंवा 🔪 आणि सोबत 'मर', 'जीव दे' असे शब्द. मुलाचा चेहरा नग्न चित्रावर चिकटवलेला स्टिकर. जातीवरून चाललेलं चिडवणं. किंवा खेळातला कुणी अनोळखी माणूस, जो मुलाला यूसी फुकट देतो, मग टेलिग्रामवर बोलवतो आणि 🤫 टाकतो. यूसी म्हणजे खेळातलं पैशाने विकत घ्यायचं चलन. तो वर्गमित्राचा छळ नव्हे, ते जाळं आहे. अशा वेळी cybercrime.gov.in वर महिला आणि बालकांसाठीचा वेगळा विभाग आहे, मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. मुलगा स्वतःला इजा करण्याबद्दल काही बोलला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 कधीही लागतो, पण फोन लावेपर्यंत त्याला एकटं सोडू नका.

नग्न स्टिकरबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगते, कारण यात भले पालक अडकतात. पुरावा म्हणून तो स्टिकर बाईंना, दुसऱ्या आईला किंवा पालकांच्या ग्रुपवर पाठवू नका. लहान मुलाचं लैंगिक चित्र पाठवणं हाच गुन्हा आहे, चित्र जोडकामाचं असलं आणि हेतू चांगला असला तरी. फोन आहे तसा ठेवा, ग्रुपचं नाव आणि पाठवणाऱ्याचा नंबर लिहून घ्या आणि फोन घेऊनच पोलिसांकडे जा. असं चित्र इन्स्टाग्राम वगैरेंवर गेलं असेल तर ते तिथून हटवायला takeitdown.ncmec.org ही मोफत सोय अठरा वर्षांखालच्यांसाठी आहे. चित्र तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा घेऊन सहभागी कंपन्यांना कळवला जातो. व्हॉट्सॲपच्या खासगी ग्रुपमध्ये मात्र तिचा उपयोग होत नाही.

राहिला फोन. तो काढून घेतला तर दुसऱ्या ग्रुपमध्ये काय चाललंय ते मुलाला उद्या वर्गात गेल्यावर, सगळ्यांच्या तोंडून कळेल, आणि पुढच्या वेळी तो तुम्हाला काही सांगणार नाही. ग्रुप सोडायचीही घाई नको. व्हॉट्सॲपवर आता बाहेर पडल्याचं फक्त ॲडमिनला कळतं, पण मुलांच्या ग्रुपचा ॲडमिन बहुधा तोच असतो ज्याने पहिली बकरी टाकली. शिवाय नावं 'मागचे सदस्य' म्हणून साठ दिवस दिसत राहतात. त्यापेक्षा ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. ज्या फोनवर ग्रुप आहे त्यात Settings > Notifications मध्ये जाऊन ग्रुपखालचं Reaction notifications बंद करा, म्हणजे जेवताना फोन थरथरला की बकरी आली असं होणार नाही. Settings > Privacy > Groups मध्ये My contacts निवडा, म्हणजे संपर्कात नसलेला कुणीही त्याला परस्पर नव्या ग्रुपात ओढू शकणार नाही. गृहपाठ मात्र ग्रुपवर विचारायची सक्ती करू नका. एक भरवशाचा वर्गमित्र शोधा ज्याला तो थेट मेसेज करू शकेल. वही लिहितानाच तो कोण ते तुम्हाला दिसेल, बकरी न टाकता पान नंबर सांगणारा.